शब्दचर्चा: ‘नॉमिनी म्हणजे काय?’ या पानाच्या पहिल्या वाक्यात पैसे ‘मिळतात’ म्हणायचं की ‘स्वीकारतो’?

बाळीवेस
सोलापुरातल्या एका पतसंस्थेच्या मराठी संकेतस्थळासाठी शब्दार्थाची पानं लिहितेय. ठेव, तारण, जामीनदार ही झाली, ‘नॉमिनी’वर अडले आहे. शोधणाऱ्याला गूगलच्या निकालांवरच्या चौकटीत आपलाच परिच्छेद दिसावा, अशी संस्थेची इच्छा आहे. सध्याचा मसुदा असा:

शीर्षक: नॉमिनी – कुटुंबाच्या सुरक्षित भविष्याची पहिली पायरी
सुरुवात: आजच्या धकाधकीच्या जीवनात प्रत्येकालाच आपल्या माणसांची काळजी असते. त्यासाठी ती नेमणं गरजेचं आहे. नॉमिनी म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतर ज्याला पैसे मिळतात ती व्यक्ती.

शीर्षकात नॉमिनी ठेवू, नामनिर्देशित व्यक्ती ठेवू की सरळ वारस लिहू? गावाकडचे सभासद तर ‘वारस लावला का’ असंच विचारतात.

विजापूर रोड
शब्द कुठलाही घ्या, खरं काम मेटा डिस्क्रिप्शनचं. त्यात बरोबर ४० शब्दांची व्याख्या टाका आणि पानाला प्रश्नोत्तरांचा एफएक्यू कोड जोडा, चौकट मिळते. शीर्षक मात्र प्रश्नाच्याच रूपात हवं, हे नक्की.

जुळे सोलापूर
शीर्षक प्रश्नाच्या रूपात हवं हे पटलं. बाकीचं दुरुस्त करायला हवं. चौकटीतला मजकूर पानावर वाचकाला दिसणाऱ्या परिच्छेदातून उचलला जातो. मेटा डिस्क्रिप्शन नेहमीच्या निकालाखालच्या दोन ओळींसाठी वापरलं जाऊ शकतं, ती वेगळी गोष्ट. एफएक्यू कोडमुळे निकालाखाली प्रश्न उघडायचे, पण तो प्रकार गूगलने ऑगस्ट २०२३ मध्ये ठळक सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरता मर्यादित केला, आणि चौकटीशी त्याचा तेव्हाही संबंध नव्हता. चौकटीसाठी आपलं पान पुढे करता येईल अशी कुठलीही खूण गूगल देत नाही. उलटी खूण आहे: `nosnippet` लावलं की पान चौकटीतून बाहेर पडतं. कधीकधी साचा बनवणाऱ्याने ती आधीच लावून ठेवलेली असते, म्हणून पानाचा सोर्स उघडून एकदा बघून घ्या.

आता मसुदा. परिच्छेद पानातून सुटा होऊन चौकटीत बसतो, तेव्हा त्याच्या आगेमागे काहीच नसतं. ‘त्यासाठी ती नेमणं गरजेचं आहे’ यातली ‘ती’ कोण, हे तुमच्या पानावरसुद्धा पुढचं वाक्य वाचल्यावर कळतं. पहिलं वाक्य ‘नॉमिनी म्हणजे’ इथूनच सुरू व्हायला हवं. धकाधकीचं वाक्य काढून टाका, ते कुठल्याही पानावर चालेल असं आहे.

राहिलं ‘मिळतात’. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच आहे.

भवानी पेठ
मी वरचं सगळं वाचलं. म्हणजे आमच्या वडिलांच्या एफडीला थोरल्या भावाचं नाव नॉमिनी म्हणून आहे, तर आता ते पैसे त्याचेच ना? ‘ज्याला पैसे मिळतात’ असंच लिहिलंय की. वडील जाऊन चार महिने झाले, मृत्युपत्र नाही. आई आहे, दोन भाऊ आणि मी.

जुळे सोलापूर
नाही, ते पैसे एकट्या भावाचे होत नाहीत. बँक रक्कम त्याच्या हाती देईल आणि तिथे बँकेची जबाबदारी संपेल. त्यापुढे तो ती रक्कम सगळ्या वारसांसाठी सांभाळतोय, असं धरलं जातं. बँकेतल्या ठेवींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राम चंदर तलवार यांच्या प्रकरणात हेच सांगितलं: नॉमिनीला रक्कम स्वीकारण्याचा हक्क असतो, मालकी मिळत नाही. विम्यासाठी हेच १९८४ मध्ये सरबती देवी प्रकरणात, आणि शेअर्ससाठी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं गेलं. तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येत असाल आणि रक्कम वडिलांची स्वतःची असेल, तर आई आणि तुम्ही तिघं भावंडं यांचा प्रत्येकी चौथा हिस्सा. वडिलांची आई हयात असेल तर तीही वारस, मग पाच हिस्से. कागद घेऊन एकदा वकिलाला भेटा.

बाळीवेस, बघा, तुमचं वाक्य वाचून एका वाचकाने नेमका चुकीचा अर्थ घेतला. आपल्या बोलण्यात ‘मला पैसे मिळाले’ म्हणजे ते माझे झाले. चौकटीत तेवढंच वाक्य वाचून माणूस निघून जातो, खाली चौथ्या परिच्छेदात खुलासा केला तरी तो त्याच्यापर्यंत पोचत नाही.

भवानी पेठ
बरं झालं विचारलं. भावाला आजच सांगते. त्यालाही माहीत नसेल.

सात रस्ता
शब्दांच्या बाजूने थोडं लिहितो. ‘वारस’ शीर्षकात घेऊ नका. वारस कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो, नॉमिनी खातेदार नोंदवतो. ‘वारस लावणे’ हा बोलण्यातला प्रयोग रूढ आहे हे खरं, पण गोंधळाचं मूळही तोच आहे. ज्याचं नाव खात्याला लावलं तो वारस, असं त्यातून आपोआप ध्वनित होतं. पानावर त्याची दखल घ्या, मात्र ‘नॉमिनी आणि वारस यांत फरक काय?’ अशा वेगळ्या उपशीर्षकाखाली. तो वेगळा प्रश्न म्हणून शोधला जातो, त्याला उत्तरही वेगळं द्या.

‘नामनिर्देशित व्यक्ती’ छापील अर्जांवर असते आणि शब्द निर्दोष आहे. पण घरात कुणी ‘नामनिर्देशित कोण आहे’ असं विचारत नाही. ‘नॉमिनी कोण लावलाय’ हेच विचारतात. शीर्षकात नॉमिनी, आणि परिच्छेदानंतर लगेच एक वाक्य: ‘अर्जावर यालाच नामनिर्देशित व्यक्ती म्हणतात.’

एक खटकतं. नॉमिनी हा माणूस. मग ‘नॉमिनी म्हणजे कोण?’ हवं. ‘म्हणजे काय’ व्याकरणाला धरून नाही.

जुळे सोलापूर
शोधणारा शब्दाचा अर्थ विचारतोय, माणसाची ओळख नाही. ‘जामीनदार म्हणजे काय’ असंही सहज विचारलं जातं. शीर्षकात ‘काय’ ठेवावं आणि उत्तराचं वाक्य ‘व्यक्ती’वर संपवावं. ‘काय आहे’ मात्र नको, ‘नॉमिनी काय आहे’ ही हिंदीची छाया.

सात रस्ता
‘शब्दाचा अर्थ’ हे मान्य. तरी मला ‘कोण’च नैसर्गिक वाटतं.

बाळीवेस
सगळं धरून नवा मसुदा:

‘नॉमिनी म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या खात्यातले पैसे संस्थेकडून ताब्यात घेण्यासाठी खातेदाराने लेखी नेमलेली एक व्यक्ती. नॉमिनी त्या पैशांचा आपोआप मालक होत नाही. मालकी मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्यानुसार ठरते.’

सात रस्ता
‘ताब्यात घेणे’ ऐकलं की जप्ती किंवा पोलीस डोळ्यांपुढे येतात. ‘स्वीकारण्यासाठी’ म्हणा. स्वीकारणारा दुसऱ्याच्या वतीनेही स्वीकारतो: शेजारी आपलं पार्सल स्वीकारतो, म्हणून ते त्याचं होत नाही. इथे हवा तो अर्थ नेमका हाच आहे.

जुळे सोलापूर
‘स्वीकारण्यासाठी’ हा शब्द चांगला सापडला. आणखी दोन शब्द बदला. ‘लेखी’ काढा, कारण बऱ्याच ठिकाणी नॉमिनी मोबाइलवरूनही नोंदवता येतो; ‘नोंदवलेली’ पुरे. आणि ‘एक’ काढा. बँकांच्या ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. तो नियम बँकांसाठी आहे, सहकारी बँका त्यात आल्या; पतसंस्था बँक नाही, तिला तिचे पोटनियम आणि सहकार कायदा लागू. तेव्हा पानावर ‘चार नॉमिनी’ असंही लिहून टाकू नका. संख्येचा उल्लेख खाली, संस्थेच्या पोटनियमात बघूनच करा. पहिल्या वाक्यात बदलणारा आकडा जितका कमी, तितकं ते जास्त दिवस टिकतं.

विजापूर रोड
पण यात ४० शब्द होत नाहीत. मी मोजले, बदल धरून २५ च भरतात.

जुळे सोलापूर
४० ते ५०चा तो अंदाज इंग्रजी पानांवरून आला आहे, नियम म्हणून कुणी घातलेला नाही. मराठीत ‘खात्यातले’, ‘मृत्युपत्रानुसार’ यांत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात, इंग्रजीत त्यांचे दोन-तीन शब्द होतात. म्हणून मराठीत २५ ते ३५ शब्दांत तेवढाच मजकूर बसतो. भरीचे १५ शब्द घातलेत तर व्याख्या सैल पडेल.

शब्द मोजण्यापेक्षा तिन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात ठेवण्याकडे लक्ष द्या. दुसरं वाक्य नव्या `<p>` मध्ये गेलं तर चौकटीत पहिलंच उचललं जाऊ शकतं, आणि मालकीचा खुलासा नेमका बाहेर राहतो. मांडणी अशी:

```
<title>नॉमिनी म्हणजे काय? अर्थ आणि वारसाहून फरक</title>
...
<h1>नॉमिनी म्हणजे काय?</h1>
<p>नॉमिनी म्हणजे … नोंदवलेली व्यक्ती. नॉमिनी … ठरते.</p>
<p>अर्जावर यालाच नामनिर्देशित व्यक्ती म्हणतात.</p>
```

`<h1>` आणि पहिला `<p>` यांच्या मधे काहीही येऊ देऊ नका. फोटो, जाहिरात, ‘व्हॉट्सअॅपवर पाठवा’चं बटण, सगळं खाली. `<title>` मध्ये प्रश्न सुरुवातीला हवा, कारण मोबाइलवर रुंदीप्रमाणे शेपूट कापलं जातं; संस्थेचं नाव हवंच असेल तर शेवटी. `<title>` आणि `<h1>` दोन वेगळ्या गोष्टी बोलू लागले, तर गूगल निकालात तुमच्या शीर्षकाऐवजी `<h1>` दाखवू शकतं. ‘पहिली पायरी’वाल्या शीर्षकाचं तसंच झालं असतं.

बाळीवेस
शीर्षकात ‘nominee mhanje kay’ असं रोमनही घालू का? मुलं तसंच टाइप करतात.

जुळे सोलापूर
शीर्षकात नको. सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्समध्ये त्या पानाच्या क्वेरी बघा. रोमनमध्ये टाइप करणारे देवनागरी पानावर येतायत का ते तिथे दिसेल. ‘nominee meaning in marathi’ दिसलं तर समजा की लोक प्रतिशब्द शोधतायत. ‘नामनिर्देशित’चं वाक्य त्यांच्यासाठीच आहे. चौकट मिळाली का हे मात्र सर्च कन्सोल वेगळं सांगत नाही. खासगी विंडोमध्ये स्वतः शोधा. चौकटीतल्या दुव्यावर क्लिक केल्यावर पत्त्यात बऱ्याचदा `#:~:text=` दिसतं आणि पानावर उचललेली वाक्यं रंगवलेली असतात. नेमकं कुठपर्यंत उचललं, ते त्यावरून कळतं.

होटगी रोड
विम्याचं काम करतो म्हणून एक शंका. २०१५च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील, तर विम्याच्या रकमेवर त्यांचा स्वतःचा हक्क कायद्यात लिहिलाय. मग ‘मालक होत नाही’ हे वाक्य विम्याला चुकीचं ठरतं की.

जुळे सोलापूर
मुद्दा योग्य आहे. त्या कलमाचा अर्थ लावताना उच्च न्यायालयांत एकमत नाही. म्हणून वाक्यात ‘खातेदार’ आणि ‘खात्यातले पैसे’ हे शब्द राहू द्यावेत, व्याख्या ठेवींपुरती राहते. विम्यासाठी खाली वेगळं उपशीर्षक.

होटगी रोड
शीर्षक तर नुसतं ‘नॉमिनी म्हणजे काय?’ आहे. विमेदारही तेच शोधून येणार, आणि त्याला चौकटीत ठेवीचं उत्तर दिसणार. ‘बँक किंवा पतसंस्थेच्या खात्यात’ असे शब्द सुरुवातीला घाला.

सात रस्ता
तसं केलं तर वाक्य ‘नॉमिनी म्हणजे’ने सुरू होणार नाही.

बाळीवेस
‘आपोआप’ हा शब्द ठेवते, विम्याचा अपवाद त्यात थोडा तरी मावतो. ‘संस्थेकडून’च्या जागी ‘बँक किंवा पतसंस्थेकडून’ करते, म्हणजे होटगी रोडचा मुद्दाही बराचसा येतो आणि सुरुवात तशीच राहते. आता असं:

‘नॉमिनी म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या खात्यातले पैसे बँक किंवा पतसंस्थेकडून स्वीकारण्यासाठी खातेदाराने नोंदवलेली व्यक्ती. नॉमिनी त्या पैशांचा आपोआप मालक होत नाही. मालकी मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्यानुसार ठरते.’

होटगी रोड
विमेदाराचा प्रश्न राहिलाच, पण पतसंस्थेच्या पानाला हे चालेल.

भवानी पेठ
हे वाचलं असतं तर मी वरचा प्रश्न विचारला नसता. फक्त ‘मृत्युपत्र’ लिहिलंय ते आईला कळलं नाही, ती ‘विल’ म्हणते.