मदत हवी आहे: पोटातल्या पाण्याच्या इन्फेक्शननंतर रोजची अँटिबायोटिक किती दिवस?

बाबांना लिव्हर सिरॉसिस आहे, पोटात पाणी साठतं. मागच्या महिन्यात ताप नाही, पोटदुखी नाही, फक्त दोन दिवस असंबद्ध बोलत होते. आम्हाला वाटलं झोप झाली नाही. डॉक्टरांनी मात्र त्याच दिवशी सुईने पोटातलं थोडं पाणी काढून तपासायला पाठवलं.

रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी ६००, त्यातल्या ७० टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे ४२०. न्यूट्रोफिल २५० किंवा त्याहून जास्त असले की इन्फेक्शन धरून लगेच उपचार सुरू करतात, कल्चरची वाट बघत नाहीत. (मी आधी नुसता ६०० चा आकडा बघत बसलो होतो.) कल्चरमध्ये पुढे काहीच वाढलं नाही. तसं बऱ्याचदा होतं म्हणे, म्हणून इन्फेक्शन नव्हतं असं नाही. शिरेतून सेफोट्रॅक्झिम पाच दिवस दिलं, किडनी जपायला पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी अल्ब्युमिनही. ४८ तासांनी परत पाणी काढलं तेव्हा न्यूट्रोफिल ११० वर आले होते.

आता रोज नॉरफ्लॉक्सॅसिन ४०० ची एक गोळी आहे. एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता मोठी, म्हणून पोटात पाणी आहे तोवर चालू ठेवा, असं सांगितलंय. धास्ती ही की जंतू गोळीला सरावले तर?

कुणाच्या घरी ही गोळी वर्षभर चालली आहे का? पुन्हा इन्फेक्शन झालं तेव्हा औषध बदललं का? आणि त्या वेळी पहिलं लक्षण काय दिसलं?