मदत हवी आहे: मँगेनीज-५४ मधून पॉझिट्रॉन का दिसत नाहीत?

रानवेल
एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात सोडियम आयोडाइड डिटेक्टरवर दोन स्रोतांचे वर्णपट घेतले. सोडियम-२२ चा अपेक्षेप्रमाणे आला, ५११ केईव्हीला उंच शिखर आणि १२७५ ला दुसरं. मँगेनीज-५४ चं मात्र ८३५ ला एकच शिखर आहे, ५११ च्या जागी काहीही उठून दिसत नाही.

आम्हाला शिकवलेली अट अशी: मूळ अणू आणि ऱ्हासानंतरचा अणू यांच्या वस्तुमानांत थोडाही फरक उरला तर इलेक्ट्रॉन कॅप्चर होऊ शकतं, आणि तो फरक १.०२२ एमईव्हीच्या वर गेला तर पॉझिट्रॉनही निघू शकतो. माझा हिशेब:

```
Mn-54  53.94036 u
Cr-54  53.93888 u
0.00148 u × 931.5 ≈ 1.38 MeV
1.38 − 1.02 = 0.36 MeV
```

अट पुरी होते, वर ०.३६ एमईव्ही शिल्लकही राहते. मग पॉझिट्रॉन गेले कुठे? वजाबाकी चुकली की मोजणी? दोन्ही तीनदा तपासून झालं आहे.

धूमकेतू
सोपं आहे. तुमचा गॅमा ८३५ चा, म्हणजे १०२२ पेक्षा कमी. तेवढ्यात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयारच होत नाही. सोडियमचा १२७५ चा असल्यामुळे तिथे होते.

रानवेल
नाही, तुम्ही म्हणता ती जोडी गॅमा किरणापासून तयार होते, न्यूक्लियस सोडल्यावर. मी न्यूक्लियसमधूनच निघणाऱ्या पॉझिट्रॉनबद्दल विचारते आहे. आकडा तोच असल्यामुळे गोंधळ होतो खरा. आणि सोडियमचं ५११ त्याच्या १२७५ पेक्षा कितीतरी उंच आहे, ते गॅमाच्या जोड्यांमधून कसं येईल?

कातळशिल्प
वजाबाकी बरोबर आहे. पण अट पुरी झाली म्हणजे फक्त वाट उघडली, सगळे त्याच वाटेने जातील असं नाही. दोन्ही वाटा खुल्या असल्या की स्पर्धा होते. न्यूक्लियस जड असेल तर आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन त्याच्या अगदी जवळ असतात, म्हणून कॅप्चर सोपं. उलट पॉझिट्रॉनला न्यूक्लियसचा धनभार ढकलतो आणि कमी ऊर्जेच्या पॉझिट्रॉनचं बाहेर पडणं अवघड होतं. सोडियमचा अणुक्रमांक ११, मँगेनीजचा २५. त्यात ऊर्जा जेमतेम ०.३६, म्हणून कॅप्चर जिंकतं.

वाळूघड्याळ
कातळशिल्प, स्पर्धेचं म्हणणं खरं आहे, पण इथे ते पुरत नाही. झिंक-६५ घ्या. अणुक्रमांक ३०, म्हणजे मँगेनीजपेक्षा जास्त. वस्तुमानातला फरक १.३५ एमईव्ही, म्हणजे मँगेनीजपेक्षा थोडा कमीच. तुमच्या हिशेबाने तिथे पॉझिट्रॉन आणखी दुर्मिळ असायला हवेत. प्रत्यक्षात शंभरातले साधारण दीड ऱ्हास पॉझिट्रॉन देतात, चांगल्या डिटेक्टरवर ते ५११ ला दिसतात. मँगेनीजमध्ये ते प्रमाण अब्जात एक-दोन आहे. एवढी तफावत नुसत्या धनभाराने पडत नाही.

रानवेल, तुमच्या हिशेबात एक गोष्ट न सांगता गृहीत धरली गेली आहे: ऱ्हासानंतर क्रोमियम थेट ग्राउंड स्टेटला पोहोचतं. तो ८३५ चा गॅमा आला कुठून, याचा विचार करा. जवळजवळ प्रत्येक मँगेनीज-५४ आधी क्रोमियमच्या ८३५ केईव्हीच्या उत्तेजित पातळीवर उतरतो आणि मग गॅमा सोडून खाली येतो. त्या पातळीपर्यंत उतरताना हाती येतात फक्त १.३८ वजा ०.८४, म्हणजे ०.५४ एमईव्ही. कॅप्चरला तेवढे भरपूर झाले, पॉझिट्रॉनला मुळीच पुरत नाहीत. १.०२२ ची अट प्रत्येक पातळीला वेगळी लावायची असते.

रानवेल
हे डोक्यातच आलं नाही! पण मग ग्राउंड स्टेटची वाट का घेत नाही? तिथे तर ०.३६ उरतात.

वाळूघड्याळ
स्पिनमुळे. मँगेनीज-५४ चा स्पिन ३, क्रोमियमच्या ग्राउंड स्टेटचा ०, ८३५ च्या पातळीचा २. पॉझिट्रॉन आणि न्यूट्रिनो आपल्या स्पिनमधून मिळून जास्तीत जास्त १ एकक नेऊ शकतात. तीनवरून दोनवर येणं सहज जमतं. शून्यावर यायचं तर उरलेली २ एककं कक्षीय कोनीय संवेग म्हणून न्यावी लागतात, आणि एवढ्याशा न्यूक्लियसमधून ते फार कठीण. ढोबळ अंदाज करून पाहा. ०.३६ एमईव्हीच्या पॉझिट्रॉनची तरंगलांबी २π ने भागली तर सुमारे २८० फेम्टोमीटर येते. न्यूक्लियसची त्रिज्या साडेचारच्या आसपास. गुणोत्तर साठास एक. कक्षीय संवेगाच्या प्रत्येक एककाला त्याचा वर्ग लागतो, म्हणून दोन एककांना चौथा घात, म्हणजे कोटीत एकाच्या आसपास. बाकीचे घटक ते आणखी खाली नेतात. ग्राउंड स्टेटकडे जाणाऱ्या कॅप्चरलाही हाच अडथळा आहे.

रानवेल
आत्ता सोडियमची आकृती काढून पाहिली. तिथेही सोडियमचा स्पिन ३, निऑनचा ग्राउंड स्टेट ०, १२७५ ची पातळी २! शिडी अगदी तीच. फक्त एकूण फरक २.८४ असल्यामुळे १२७५ च्या पातळीवर उतरूनही १.५७ हाती राहतात. त्यातून १.०२ गेले की ०.५५ उरतात, म्हणून पॉझिट्रॉन येतात.

वाळूघड्याळ
नेमकं. आणि तिथे सुमारे नव्वद टक्के पॉझिट्रॉन, दहा टक्के कॅप्चर. कातळशिल्प म्हणतात ती स्पर्धा इथे खरोखर चालते, कारण दोन्ही वाटा खुल्या आहेत.

कातळशिल्प
मान्य, झिंकचं उदाहरण माझ्या लक्षात नव्हतं. मी स्पिन पाहिलाच नाही.

पाणकळा
आम्ही पावसाच्या पाण्यातलं बेरिलियम-७ मोजतो. फरक ०.८६ एमईव्ही, म्हणजे पॉझिट्रॉनचा प्रश्नच नाही, फक्त कॅप्चर. सुरुवातीला मी प्रत्येक ऱ्हासाला ४७८ केईव्हीचा एक गॅमा धरला होता आणि उत्तर दसपटीने कमी येत होतं. प्रत्यक्षात शंभरातले दहाच त्या पातळीवरून जातात, बाकीचे थेट ग्राउंड स्टेटला आणि गॅमा शून्य. पातळीनिहाय हिशेबाचा धडा मला तिथे मिळाला.

रानवेल
शेवटची शंका. ‘मँगेनीज-५४ मध्ये पॉझिट्रॉन नाहीत हे प्रयोगातून दिसलं’ असं जर्नलमध्ये लिहू का?

वाळूघड्याळ
असं लिहू नका. ८३५ च्या गॅमाचा कॉम्प्टन पठार सुमारे ६४० पर्यंत पसरतो, ५११ ची जागा त्यातच येते. हजारात एखादा पॉझिट्रॉन असता तरी सोडियम आयोडाइडवर तो त्या पठारात बुडाला असता. ‘या मोजणीत ५११ चं वेगळं शिखर आढळलं नाही’ इतकंच म्हणा, आणि पठारातल्या मोजणीवरून वरची मर्यादा काढून द्या. कॅप्चरचा थेट पुरावाही तुमच्याकडे नाही. क्रोमियमचे ५.४ केईव्हीचे क्ष-किरण डिटेक्टरच्या ॲल्युमिनियमच्या आवरणातच अडकतात.

कातळशिल्प
समोरासमोर दोन डिटेक्टर ठेवून एकाच क्षणी आलेले ५११ चे गॅमा मोजले तर?

वाळूघड्याळ
दिशा बरोबर आहे. पण एक मायक्रोक्युरीच्या स्रोतात सेकंदाला ३७,००० ऱ्हास. अब्जात एक धरला तर दिवसाला तीन-चार पॉझिट्रॉन, आणि त्यातले थोडेच दोन्ही डिटेक्टरांत सापडणार. वैश्विक किरणांमुळे येणाऱ्या जोड्याच त्याहून जास्त असतील. तरीही लोकांनी हे चिकाटीने मोजलं, कारण वैश्विक किरणांतल्या मँगेनीज-५४ ला एकही इलेक्ट्रॉन उरलेला नसतो. कॅप्चर तिथे बंद. ३१२ दिवसांचं अर्धायुष्य लाखो वर्षांवर जातं, आणि ते किरण आकाशगंगेत किती काळ भटकले याचं ते घड्याळ होतं.

पाणकळा
मग तिथे पॉझिट्रॉनच शिल्लक राहतो का?

वाळूघड्याळ
तो आणि आयर्न-५४ कडे जाणारी बीटा-ऋण वाट. दुसरी बहुधा जलद, पण नेमकी किती हे ठरवताना बराचसा भार पॉझिट्रॉनच्या त्या मोजमापावर आणि त्यावर रचलेल्या गणितावर पडतो. दोन्ही वाटांचे न्यूक्लियर घटक सारखे धरावेत का, यावर माझी अजून खात्री नाही.