सोडा अ‍ॅश: अमोनिया परत मिळतो, मग चुना नेमका कशात संपतो? (मदत हवी आहे)

महालवाला_मास्तर:
नमस्कार मंडळी. नागपुरात महालात बारावीच्या शिकवण्या घेतो. सोडा अ‍ॅश म्हणजे धुण्याचा सोडा बनवायची सोल्व्हे पद्धत शिकवताना एका मुलीनं अडवलं. एकूण समीकरण फळ्यावर होतं:

2NaCl + CaCO₃ → Na₂CO₃ + CaCl₂

ती म्हणाली, "सर, यात अमोनिया कुठंच नाही, मग तो घालायचा काऊन? आणि चुनखडीतून एकच CO₂ निघतो, मिठाच्या दोन रेणूंना तर दोन लागतात." पहिल्याचं थोडंफार सांगितलं. दुसऱ्याला उद्या सांगतो म्हणालो. हिशेब कोणी नीट मांडून देईल का?

बजाजनगर_बीएस्सी:
सोपं आहे सर. अमोनिया उत्प्रेरक आहे, म्हणून समीकरणात येत नाही. चुनखडी फक्त CO₂ साठी, राहिलेला चुना बायप्रॉडक्ट.

धरमपेठची_काकू:
हा सोडा म्हणजे पापडखार का हो? औंदा दुकानदारानं धुण्याचा सोडाच पापडखार म्हणून दिला असा संशय आहे. पापड लालसर झाले.

जुना_शिफ्टवाला:
काकू, पापडखारातही मुख्यतः हाच क्षार असतो, पण धुण्याचा सोडा खाण्याच्या शुद्धतेचा नसतो. पापडात घालू नका.

मास्तर, सौराष्ट्रात सोडा अ‍ॅशच्या कारखान्यात नोकरी झाली, आता प्रतापनगरात असतो. बीएस्सी भाऊ, अमोनिया शेवटी परत मिळतो एवढं बरोबर. पण त्याला उत्प्रेरक म्हणू नका. तो खरोखर खर्ची पडतो, अमोनियम क्लोराइड होऊन बसतो, आणि त्याला सोडवायला चुना मोजावा लागतो.

आधी तो लागतो कशाला ते. नुसत्या मिठाच्या पाण्यात CO₂ कितीही सोडा, बायकार्बोनेट नावालाच होतं. अमोनियानं पाणी अल्कधर्मी झालं की ते CO₂ धरून ठेवतं. मग मनोऱ्यात हे बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, साक्याच्या रूपात खाली बसतो, कारण तिथल्या क्षारांत तोच सर्वांत कमी विरघळतो. २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात मीठ ३६ ग्रॅम मावतं, हा साडेनऊच्या आसपास. ६० अंशाला हाच १६ च्या वर जातो, म्हणून मनोऱ्याचा खालचा भाग पाण्यानं थंड ठेवतात.

आता हिशेब. ११७ किलो मीठ घ्या. त्याला ३४ किलो अमोनिया आणि ८८ किलो CO₂ लागतो. १०० किलो चुनखडी भाजली की ४४ किलो CO₂ मिळतो. उरलेला ४४ कुठून? खाण्याचा सोडा तापवून धुण्याचा सोडा करताना तेवढाच CO₂ सुटतो, तो परत मनोऱ्यात. तुमच्या पोरीचं उत्तर हे. हातात १०६ किलो सोडा पडतो.

भट्टीत राहतो ५६ किलो कळीचा चुना. तो विरवून त्याचं दूध खाण्याचा सोडा गाळून उरलेल्या द्रावणात सोडायचं, की अमोनियम क्लोराइडमधून बरोबर ३४ किलो अमोनिया मोकळा होतो. बायप्रॉडक्ट कसला, त्याच्यावरच फेरा चालतो. हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात साधारण पाव मीठ तसंच राहून वाया जातं.

महालवाला_मास्तर:
आभारी आहे भाऊ. हिशेब इतका काट्यावर बसतो, तर अमोनिया कमी का पडतो? वरून थोडा घालावाच लागतो असं वाचलंय.

जुना_शिफ्टवाला:
गळती असतेच, पण मोठं दुखणं चुन्याचं. भट्टी जास्त तापली की काही कळी इतकी भाजली जाते की पाण्यात लवकर विरतच नाही, खडे होऊन चाळणीवर राहते. गंमत बघा, त्या दगडाचा CO₂ तर तुम्ही आधीच वापरलेला असतो. ५६ पैकी ५.६ किलो असा गेला, तर ३.४ किलो अमोनिया क्लोराइडातच अडकून सांडपाण्याबरोबर जातो.

दुसरं म्हणजे घाई. द्रावण आधी वाफेनं तापवून त्यातला सुटा अमोनिया आणि CO₂ काढून घ्यायचा, मगच चुना घालायचा. CO₂ राहिला तर तो चुना खातो, पुन्हा चुनखडी होते आणि तीच आत थर धरते.

ओळखायचं कसं? सांडपाण्याचा नमुना आधी उकळून सुटा अमोनिया घालवा. मग थोडा कॉस्टिक टाकून गरम करा आणि तोंडाशी ओला लाल लिटमस धरा. आता निळा झाला तर चुना कमी पडलाय.

बजाजनगर_बीएस्सी:
उत्प्रेरक मागे घेतो. पण चुना नसताच तर?

जुना_शिफ्टवाला:
तर अमोनियम क्लोराइडच खत म्हणून विकायचं, चिनी रसायनतज्ज्ञ होउ देबांग यांची पद्धत तीच. पण मग दर खेपेला नवा अमोनिया लागतो आणि CO₂ दुसरीकडून आणावा लागतो. खत कारखाना शेजारी असेल तरच जमतं.

महालवाला_मास्तर:
आणि कॅल्शिअम क्लोराइड? ती उद्या हे विचारणारच. टनाला टन निघत असेल तर एवढं कोण घेतं?

धरमपेठची_काकू:
बरं, मग आता त्या लाल पापडांचं काय करू?