छातीच्या टेपवरून वजन: औषधाला ठीक, विक्रीलाही चालेल का?

रानवारा: आमच्याकडे जनावर चढवायचा मोठा काटा नाही. छातीला टेप लावून वजन काढतो, जंताचं औषध त्यावरच देतो. आता दोन गाई विकायच्यात, तेच वजन सांगावं का?

जुनादावा: औषधाला ठेवा, विक्रीला नको. कारण घेराची चूक वजनात दुप्पट होते. घेर १६० सेंमी, लांबी (खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत) १३५ सेंमी धरा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०८४०, वजन आलं ३१९ किलो. टेप जरा सैल राहिला, १६५ आला, तर झालं ३३९. पाच सेंमीत वीस किलो गेले. पाच सेंमी चुकायला जनावराने एक पाय पुढे टाकला किंवा मान खाली घातली तरी पुरे. आता हीच चूक औषधात बघा, पन्नास किलोला १ मिली असं इंजेक्शन असेल तर ६.४ आणि ६.८ मिली, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलीचा फरक, त्याने काही बिघडत नाही.

गोठाघर: सगळंच पटलं नाही. औषधात चूक चालते म्हणून सोडून देऊ नका, उलट तिथेच जास्त जपावं लागतं. टेपने ३०० सांगितलं आणि खरं वजन ३५० निघालं तर डोस चौदा टक्के कमी पडला, मग जे जंत थोडे चिवट असतात तेच वाचतात आणि पुढच्या वेळी औषध लागू होत नाही. म्हणून मी कळपातल्या सगळ्यात जड जनावराचं वजन धरून सगळ्या सारख्या मोठ्या जनावरांना देतो. लहानांचा गट वेगळा.

जुनादावा: बहुतेक जंतनाशकांना हे बरोबर, पण सगळ्याच औषधांना नाही. लेव्हामिसोल या जंतनाशकाला वर सूट कमी असते, डोस बराच वाढला की लाळ गळते, अंग थरथरतं. आणि गुंगीच्या इंजेक्शनाला जनावर फार नाजूक असतं, तिथे टेपच्या आकड्यावर घरच्या घरी डोस काढूच नये, डॉक्टरने समोर बघून ठरवावं.

हिरवाचारा: माझ्या मते विक्रीलाही टेपच बरा. काटा तरी कुठे खरा बोलतो? गाईने सकाळी चाळीस लिटर पाणी ढोसलं की काट्यावर चाळीस किलो वाढले, विकणारा खूश. टेप छातीवर असतो, पोटावर नाही, त्यामुळे पाण्याने फारसा हलत नाही. दोघांनी एकाच टेपने मोजलं की झालं.

गोठाघर: पाण्याचं बरोबर आहे, म्हणून तर वजन चारा-पाण्याआधी सकाळीच घ्यावं. पण एकाच टेपने दोन वेगळ्या अंगाच्या गाई मोजल्या की घोळ होतो. टेपवर छापलेला तक्ता ज्या जातीवरून केलाय, त्या बांध्याच्या जनावरालाच तो जवळचा आकडा देतो. वशिंड मोठं असेल आणि टेप त्याच्या मागे न जाता त्यावर चढला तर आकडा फुगतो. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईचं उलटं, वजन पोटात असतं, टेपला दिसत नाही.

सांजवेळ: माझी म्हैस सात महिन्यांची गाभण आहे, मग टेपच्या आकड्यात किती किलो वाढवून जंताचं औषध देऊ?

जुनादावा: आधी औषध कोणतं ते ठरवा, किलो नंतर. काही जंतनाशकं गाभणपणात टाळतात, काही दुभत्या जनावराला द्यायचीच नाहीत, हे डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि गाईचा तक्ता म्हशीला जसाच्या तसा लावू नका.

रानवारा: मग टेप नेमका कुठे लावायचा? मी पोटाच्या जरा पुढे लावत होतो.

गोठाघर: ते फार मागे झालं. कोपराच्या लगेच मागे, वर वशिंडाच्या मागच्या बाजूने. जनावर सपाट जमिनीवर, चारही पाय सरळ, मान समोर. श्वास सोडल्यावर टेप अंगाला लागेल एवढाच ताणा, केस दबले पाहिजेत, चामडी नाही. तीनदा मोजा, तिन्ही आकडे दोन सेंमीच्या आत यायला पाहिजेत, नाहीतर परत. कापडी टेप ताणला जातो, तो अधूनमधून लोखंडी टेपला लावून बघा.

जुनादावा: आणि एकदा दोन-चार जनावरं कुठल्यातरी खऱ्या काट्यावर चढवा. टेपने ३०० आणि काट्याने ३२० येत असेल तर तुमच्या जनावरांना टेप कमी दाखवतो हे कळलं, पुढच्या आकड्यात तेवढी भर घालायची. विक्रीला मात्र घेणारा मान्य करेल तोच काटा धरा.

हिरवाचारा: एवढी भर घातली की टेप विक्रीलाही चालतो, मला अजून तसंच वाटतं. महिन्याला किती वाढलं हे दाखवायला तर टेपसारखं काही नाही, आकडा दहा किलोने चुकला तरी दर वेळी चूक त्याच बाजूला पडते.

गोठाघर: वाढ दाखवायला मान्य. पण एका दिवशीचं वजन गुणिले भाव असा हिशोब असेल तर वीस किलोचं भांडण कोण मिटवणार?