"एक विचारू का?" एवढंच लिहून थांबणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

धागाकर्ती: ऑफिसच्या चॅटवर लोक "एक विचारू का?" लिहितात आणि माझ्या "हो"ची वाट बघत बसतात. "हो" म्हणावं, की थेट "काय ते लिही" म्हणावं? दुसरं उद्धट वाटतं का?

फडके_पुणे: नुसतं "हो" नको. प्रश्न न बघता दिलेलं "हो" म्हणजे कोरा चेक. मी असं लिहीन: "विचार ना. काय केलंस आणि स्क्रीनवर काय आलं ते एकदमच टाक, वेळ मिळाला की बघतो." पहिल्या दोन शब्दांत परवानगी मिळते, पुढचं काम त्याच्याकडे जातं. "वेळ मिळाला की" गाळू नका, नाहीतर तो लगेच उत्तर मिळेल म्हणून ताटकळतो.

समजा प्रश्न एक्सेलचा आहे. "VLOOKUP चालत नाही" यावरून काहीच कळत नाही. हे आलं की कळतं:

```
=VLOOKUP(A2,Sheet2!A:D,3,0)
#N/A
=ISNUMBER(A2)         TRUE
=ISNUMBER(Sheet2!A2)  FALSE
```

एकीकडे आकडा, दुसरीकडे आकड्यासारखा दिसणारा मजकूर. `Sheet2` चा A कॉलम निवडून `Text to Columns` मधून सरळ `Finish`. उत्तर एका ओळीत संपलं.

खवचट_काका: उत्तरच देऊ नका. गरज असेल तर विचारेल. आणि वरच्याला TRIM लावला की झालं.

फडके_पुणे: TRIM जास्तीच्या स्पेस काढतो, पण त्यातून बाहेर येतो तो मजकूरच. #N/A तसाच राहील. गप्प राहणं तुमच्या बरोबरीच्या माणसाशी चालेल. नवा मुलगा मात्र दिवसभर अडून बसेल.

मीनल_न्यूजर्सी: वेळेचा हिशोबही बघा. पुण्यात सकाळी ११ म्हणजे उन्हाळ्यात इथे रात्रीचा दीड. आमचं "हो, विचार" सकाळी ९ ला जातं, तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा. प्रश्न येणार दुसऱ्या दिवशी, उत्तर त्या संध्याकाळी. एका "विचारू का"पायी अख्खा दिवस गेला.

सातारकर: आमचे मेव्हणे असं लिहितात तेव्हा पैसेच हवे असतात. त्यांना एक्सेलचं काय सांगू?

फडके_पुणे: तिथे "विचारा ना दाजी, जमेल का ते ऐकून सांगतो." "हो, बोला की" म्हटल्यावर नाही म्हणणं जड जातं.

अनघा_जोशी: मला हा सगळा वैताग एकतर्फी वाटतो. पगार, आजारपण, राजीनामा हे थेट कसं लिहायचं? समोरच्याची स्क्रीन मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे असली तर मेसेजची पहिली ओळ कोपऱ्यात झळकते. तिथे "विचारू का?" हेच शहाणपण आहे, आणि "काय ते लिही" हे घातक उत्तर. उलट "खासगी आहे का? चारनंतर फोन करू?" असं विचारावं.

फडके_पुणे: मान्य. पण मग विचारणाऱ्यानेही "जरा खासगी आहे" एवढे शब्द टाकावेत. नुसत्या "एक विचारू का?"वरून एक्सेल की राजीनामा, हे ओळखायचं कसं?

अनघा_जोशी: "खासगी आहे" हे शब्दही स्क्रीनवर झळकतातच की.