मदत हवी आहे: एका कॉलमध्ये परीक्षक मॉडेलला किती निकष द्यावेत?

नमस्कार मंडळी. यवतमाळकडच्या कापूस शेतकऱ्यांना फवारणीबद्दल उत्तरं देणारा बॉट आम्ही बनवतोय. उत्तरं दुसरं मॉडेल तपासतं. औषधाची मात्रा, हातमोजे-मास्कची सूचना, वऱ्हाडी समजली का, लांबी, असे आठ निकष एकाच कॉलमध्ये देतो.

अडचण अशी की उत्तराची भाषा गोड असली की दहा लिटरच्या पंपाला दुप्पट मात्रा सांगितलेलीही 'बरोबर' ठरते. तोच निकष एकटा विचारला की चूक सापडते. 2017 मध्ये फवारणी करताना शेतकऱ्यांना झालेल्या विषबाधेनंतर इथे ही चूक चालणारच नाही.

माणसांच्या निकालाशी परीक्षकाची सरासरी जुळणी काढली तर हे दिसत नाही. समजा 100 पैकी 6 उत्तरांत मात्रा चुकली आणि परीक्षकाने सगळी पास केली, तरी जुळणी 94 टक्के. म्हणून माणसांनी तपासलेल्या त्याच उत्तरांवर 1, 2, 4, 8 निकषांचे गट चालवून, क्रमही उलटा करून, प्रत्येक निकषाच्या किती चुका पकडल्या तेवढंच मोजायचं ठरवलंय.

आठ कॉल केले तर तेच उत्तर आठदा पाठवायचा खर्च. माझ्या मते मात्रा आणि सुरक्षा वेगळी, भाषा-लांबी एकत्र. कोणी असं विभागलंय का? आणि फरक खरा मानायला एका निकषाची किती चुकीची उत्तरं हाताशी हवीत?