चर्चा: विहिरींच्या यादीतले दशांश अंश मोडून अंश-मिनिट-सेकंद करावेत का?

जतची_नोंदवही: जत तालुक्यातल्या विहिरी आणि बोअरची यादी आहे. मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत आहेत. छापील यादीत अंश-मिनिट-सेकंद हवेत असं वरून सांगितलंय. एक्सेलमध्ये सूत्र लावलं, तर काही ओळींत ७५° ३५′ ६०.०″ असं आलं. हाताने दुरुस्त करू का? की मुळात रूपांतरच करू नये?

मोजणी_सांगली: हाताला काम देऊ नका, सूत्रच बदला. नेहमीच्या सूत्रात आधी अंश कापतात, मग मिनिटं कापतात आणि गोलाकार शेवटी फक्त सेकंदांना करतात. ७५.६ घ्या. संगणकात ही संख्या ७५.६ पेक्षा केसभर कमी साठवली जाते. त्यामुळे ३६ मिनिटांऐवजी ३५.९९९… येतात, पूर्णांक ३५ कापला जातो आणि उरलेले ५९.९९९… सेकंद गोल होऊन ६०.० दिसतात. हातचा वर न्यायला कोणी उरतच नाही.

म्हणून सगळ्यात आधी पूर्ण कोनाचे सेकंदाचे दशांश करा, तिथेच एकदा गोल करा आणि मग तुकडे पाडा:

```
B2: =ROUND(A2*36000,0)
C2: =INT(B2/36000)
D2: =INT(MOD(B2,36000)/600)
E2: =MOD(B2,600)/10
```

१६.८४९९९ वर करून बघा. गुणाकार ६०६५९९.६४, गोल करून ६०६६००. त्यातून १६ अंशांचे ५७६००० वजा केले की ३०६०० उरतात, म्हणजे बरोबर ५१ मिनिटं आणि शून्य सेकंद. जुन्या सूत्राने हेच १६° ५०′ ६०.०″ आलं असतं.

वाई_खोरं: एवढा खटाटोप कशाला? सेकंद गोल करण्याऐवजी ROUNDDOWN लावा, ६० कधीच येणार नाही.

मोजणी_सांगली: ६० येणार नाही हे खरं. पण ७५.६ चे ७५° ३५′ ५९.९″ होतील, आणि तेही चूकच. शिवाय छाटणी नेहमी एकाच दिशेने होते. आपल्याकडे अक्षांश उत्तर आणि रेखांश पूर्व, त्यामुळे अख्खी यादी नैर्ऋत्येला सरकते. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जवळपास ३१ मीटर. पूर्ण सेकंदावर छाटलं तर प्रत्येक विहीर सरासरी १५ मीटर दक्षिणेला जाईल आणि जवळपास तेवढीच पश्चिमेला.

माणदेशी: माझ्या बोअरचं काय ते सांगा. कागदावर १७.४०३० लिहिलंय आणि मॅप भलतीकडेच दाखवतो. हे सूत्र लावून जागेवर येईल का?

मोजणी_सांगली: दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. कोणीतरी १७° ४०′ ३०″ चे आकडे टिंबानंतर सलग लिहिलेले असावेत. खऱ्या दशांशात १७.४०३० म्हणजे १७° २४′ १०.८″, दोन्हींत उत्तर-दक्षिण ३० किलोमीटरचं अंतर पडतं. सूत्र लावलं तर चूक आणखी नीटनेटकी दिसेल, एवढंच. संशय असेल तर अख्ख्या यादीत टिंबानंतरचे पहिले दोन आकडे बघा. जिल्हाभरच्या यादीत ६० ते ९९ एकदाही आलं नसेल तर ते दशांश नव्हेत. एका गावाच्या यादीवर मात्र ही परीक्षा चालत नाही.

कोरेगाव_नकाशा: माझं मत स्पष्ट आहे: रूपांतर करूच नका. एका आकड्याचे तीन तुकडे केले की टंकताना चुकायच्या तीन जागा तयार होतात, आणि सेकंदाची खूण मिनिटाची झाली तर कोणाला कळणारही नाही. मॅपमध्ये टाकायला शेवटी दशांशच लागतात.

मोजणी_सांगली: टंकायचंच नाही ना! A स्तंभ हात न लावता ठेवायचा, बाकीचे स्तंभ त्यातून निघतात. टोपोशीट घेऊन फिरणाऱ्याला कडेला अंश-मिनिटंच छापलेली दिसतात, त्याने १६.८५ चे ५१ मिनिटं तोंडी करत बसायचं का? तपासणी म्हणून C2+D2/60+E2/3600 करून A2 वजा करा. फरक ०.००००१४ च्या वर गेला तर ती ओळ बिघडलेली आहे.

कोरेगाव_नकाशा: ही तपासणी फाइलपुरती. छापील यादी हातात घेऊन कोणी पुन्हा फाइल बनवली की A स्तंभ गेला. दोन्ही रूपं शेजारी छापणार असाल तरच मी गप्प बसेन.

जतची_नोंदवही: कागदाची रुंदी कमी आहे, दोन्ही बसवायचे तर सेकंदाचा दशांश सोडावा लागेल. चालेल?

वाई_खोरं: चालेल की. विहीर १५ मीटरवरून दिसते.

मोजणी_सांगली: विहीर दिसते, बोअरचं तोंड दिसत नाही. पूर्ण सेकंदाला नीट गोल केलं तरी प्रत्येक दिशेत १५ मीटरपर्यंत चूक राहते, आणि लहान गटांत तेवढ्यात शेजाऱ्याचा बांध ओलांडला जातो. मी दशांश ठेवेन आणि शेऱ्याचा स्तंभ काढेन.

जतची_नोंदवही: शेऱ्यात गट नंबर आहेत, ते काढता येणार नाहीत.

कोरेगाव_नकाशा: मग सेकंदच काढा, दशांश अंश छापा. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.